बाहुल्यांच्या व्हिडिओंवर मी लावलेली दोन चुकीची लेबलं

माझ्या यूट्यूब चॅनेलवरच्या सातव्या व्हिडिओत मी एक माप चुकीचं सांगितलं होतं, आणि ते मला पाच महिन्यांनी कळलं. व्हिडिओ होता हातमोजा-बाहुलीचं कापड बेतण्याचा. बाहुलीचे हात जिथे पसरतात तिथली रुंदी मी २२ सेंटिमीटर सांगितली. माप बरोबर होतं, पण ते शिवून झाल्यानंतरचं. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी दीड-दीड सेंटिमीटर सोडून कापड २५ कापायचं असतं, आणि ते वाक्य बोलायचं राहून गेलं. २२ वर कापलेली बाहुली शिवल्यावर १९ ची होते. मोठ्या माणसाचा हात तीत शिरतो, पण अंगठा आणि करंगळी पसरत नाहीत, म्हणजे बाहुली हलतच नाही.

हे मला सांगितलं एका शिक्षिकाबाईंनी, ईमेलवर. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, तुमच्या मापानं आम्ही सहा बाहुल्या कापल्या. एकीतही कुणाचा हात नीट बसत नाही. व्हिडिओखाली विचारायला गेले तर तिथे लिहिताच येत नाही, म्हणून तुमचा ईमेल शोधून काढला."

तिथे लिहिता येत नाही, हे मला माहीत होतं. प्रत्येक व्हिडिओखाली `Comments are turned off` अशी ओळ होती, आणि मी ती रोज बघत होते. मला वाटायचं, लहान चॅनेलला तसंच असत असेल, पुढे आपोआप उघडेल. ही ओळ मीच पहिल्या दिवशी ओढवून घेतली होती, हे त्या ईमेलनंतर उलगडलं.

चॅनेल उघडलं तेव्हा यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये प्रेक्षकांबद्दलचा प्रश्न आला होता. तिथे तीन पर्याय असतात: सगळं चॅनेल मुलांसाठी, सगळं चॅनेल मुलांसाठी नाही, किंवा प्रत्येक व्हिडिओला वेगळं ठरवेन. मी पहिला निवडला, कारण मी तो प्रश्न असा वाचला: हे व्हिडिओ मुलांनी पाहिले तर चालतील का? चालतीलच. बाहुल्या, रंगीत कापड, स्वच्छ भाषा. पण प्रश्न तो नव्हता. `made for kids` म्हणजे मुलांना चालणारा व्हिडिओ नव्हे, मुलांना उद्देशून केलेला व्हिडिओ. मी बोलत होते शिक्षकांशी, गोष्टी सांगणाऱ्यांशी, शिवणकाम येणाऱ्या मोठ्या माणसांशी. आठ वर्षांच्या मुलाला शिलाईची जागा, कापडाचा उभा-आडवा धागा, गळ्याची नळी यांत काही रस असण्याचं कारण नव्हतं.

त्या रात्री आधी माप दुरुस्त करायला बसले. व्हिडिओची फाइल बदलून त्याच पत्त्यावर दुसरी चढवता येत नाही, हे माहीत होतं. म्हटलं, वर एक कमेंट लिहून पिन करावी, पण कमेंट बंद. मग वाटलं, चुकीचं वाक्य येतं त्या क्षणाला कोपऱ्यात कार्ड दाखवावं आणि दुरुस्तीच्या छोट्या व्हिडिओकडे न्यावं. मुलांसाठीच्या व्हिडिओला कार्ड लागत नाही. शेवटच्या वीस सेकंदांत एंड स्क्रीन लावावी, तर तीही लागत नाही. चॅनेलवर पोस्ट टाकून सगळ्यांना कळवावं, तर अशा चॅनेलला पोस्टही नसतात आणि घंटीची सूचनाही नसते. हाताशी उरलं फक्त खालचं वर्णन. तिथे दुरुस्ती लिहिली आणि स्टुडिओच्या एडिटरमधून ते वाक्य कापून टाकलं. पण ज्यांनी कापड आधीच कापलं होतं त्यांच्यापर्यंत पोहोचायला माझ्याकडे काहीच नव्हतं. कमेंट चालू असती तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी "हात बसत नाही" असं लिहिलं असतं, आणि पुढच्या प्रत्येकानं कापण्याआधी ते वाचलं असतं. शिकवण्याच्या व्हिडिओत कमेंट हा अर्धा धडा असतो, हे मी त्या रात्री मनापासून मान्य केलं.

मग एवढं सगळं एकाच उत्तरानं का बंद होतं, ते समजून घ्यायला लागले. मूळ एका अमेरिकन कायद्यात आहे. १९९८ साली झालेला आणि २००० पासून लागू असलेला कोप्पा हा कायदा १३ वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायला मनाई करतो. २०१३ मध्ये त्याच्या नियमांत बदल झाला आणि ब्राउझरमधल्या कुकीसारखी, माणसाला पुन्हापुन्हा ओळखणारी खूणसुद्धा वैयक्तिक माहितीत धरली जाऊ लागली. आवडीनिवडीनुसार जाहिरात दाखवायची तर हीच खूण लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबनं अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्कचे महाधिवक्ते यांच्याशी तडजोड केली, रक्कम १७ कोटी डॉलर. त्या तडजोडीतून हा प्रश्न जन्माला आला. व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे व्हिडिओ करणाऱ्यानं सांगायचं, मग तो जगात कुठेही राहत असो. जानेवारी २०२० पासून त्या उत्तरानुसार सुविधा बंद होऊ लागल्या.

यातली एक गोष्ट कळल्यावर बाकी सगळं आपोआप उलगडलं. मुलांसाठीचा व्हिडिओ जो कोणी पाहील त्याची माहिती लहान मुलाची आहे असंच यूट्यूब धरतं, मग पाहणारा खरोखर पंचेचाळीस वर्षांचा का असेना. म्हणजे लेबल लागतं व्हिडिओला, पण त्यानं बदलते पाहणाऱ्याला मिळणारी वागणूक. त्या शिक्षिकाबाई लॉगिन करून, स्वतःच्या खात्यातून माझा व्हिडिओ पाहत होत्या, तरी तेवढा वेळ त्या यूट्यूबच्या लेखी मूल होत्या.

आता कमेंट का बंद ते बघा. कायद्याच्या लेखी माहिती गोळा करणं म्हणजे फक्त विचारणं नव्हे. मुलाला स्वतःची माहिती सगळ्यांसमोर लिहायची जागा देणंही त्यात येतं. कमेंटच्या चौकटीत मूल आपलं नाव, शाळा, घर सगळं लिहू शकतं. म्हणून चौकटच काढून टाकायची. घंटी, प्लेलिस्टमध्ये जपून ठेवणं, "नंतर पाहीन" ही यादी, लाइव्ह चॅट, सदस्यत्व या सगळ्यांत हा माणूस कोण आणि तो पुन्हा येतो का याची नोंद लागते. मूल धरलेल्या माणसाची ती नोंद ठेवायची नाही, म्हणून सुविधा नाही. "व्हिडिओ जपून ठेवता येत नाही, दर वेळी शोधावा लागतो," अशी तक्रार माझ्या एका मैत्रिणीनं कधीच केली होती. मी तिला फोन अपडेट कर म्हणून सांगितलं होतं.

जाहिरातींचंही तेच. मुलांसाठीच्या व्हिडिओवर जाहिराती येतात, बंद होत नाहीत. हा गैरसमज मी अनेकांकडून ऐकला आहे. बंद होते ती पाहणाऱ्याच्या सवयींवर बेतलेली जाहिरात. उरते ती व्हिडिओचा विषय पाहून लावलेली. शिवणयंत्राच्या शोधात असलेली बाई माझा व्हिडिओ पाहत असेल, तर तिला शिवणयंत्राची जाहिरात दाखवायला कंपनी जास्त पैसे मोजते. पण ती बाई शिवणयंत्र शोधतेय हे वापरायचंच नाही, तर तिच्यासमोरची जागा स्वस्तात जाते. चॅनेलवर जाहिराती सुरू झाल्यानंतर दर हजार पाहण्यांमागे मला जे मिळत होतं ते माझ्याच क्षेत्रातल्या, तेवढ्याच आकाराच्या एका मैत्रिणीच्या चॅनेलपेक्षा कितीतरी कमी होतं. मी तिला म्हणायचे, तुझे प्रेक्षक वेगळे असतील. प्रेक्षक सारखेच होते. माझे ओळखायची मुभा नव्हती, एवढाच फरक.

सगळ्यात जास्त वेळ मी शिफारशींवर घालवला, कारण तिथलं नुकसान एखाद्या बंद चौकटीसारखं डोळ्यांना दिसत नाही. मुलांसाठीचा व्हिडिओ हा मुलांच्याच इतर व्हिडिओंच्या सोबतीनं सुचवला जाण्याची शक्यता जास्त असते. ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठून आले याचा अहवाल असतो आणि त्यात `Suggested videos` उघडलं की कोणत्या व्हिडिओच्या शेजारी आपला व्हिडिओ सुचवला गेला त्याची यादी दिसते. मी ती यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा वरपासून खालपर्यंत बडबडगीतं, कार्टून, खेळण्यांचे डबे उघडण्याचे व्हिडिओ. शिवणकामाचा एकही नाही, शिक्षकांसाठीचा एकही नाही. मग सातव्या व्हिडिओचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडला. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो कड्यावरून पडल्यासारखा खाली येत होता. साहजिक आहे. रंगीत बाहुलीचं चित्र पाहून मुलानं बोट लावलं, आत एक बाई कापडावर खडूनं रेघा मारतेय, मूल पुढे गेलं. जे थोडे लोक दोन मिनिटांनंतरही थांबले होते ते मात्र शेवटपर्यंत राहिले होते. ते शोधून आलेले होते. अहवालात शोधातून आलेल्यांचा आणि सुचवण्यातून आलेल्यांचा सरासरी पाहण्याचा वेळ शेजारी शेजारी ठेवला की चूक स्पष्ट दिसते: दोन गटांत आकाशपाताळाचं अंतर असेल, तर व्हिडिओ चुकीच्या घरी नेला जातोय. मला वाटत होतं मी कंटाळवाणं बोलते. त्या काळात मी तीन व्हिडिओंच्या सुरुवाती पुन्हा पुन्हा चित्रित केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चॅनेलची सेटिंग बदलली. तेव्हा माझे एकूण ३१ व्हिडिओ होते. सेटिंगमध्ये `Channel`, तिथून `Advanced settings`, आणि प्रेक्षकांच्या प्रश्नाखाली तिसरा पर्याय: `I want to review this setting for every video`. "मुलांसाठी नाही" हा दुसरा पर्याय एका झटक्यात निवडून मोकळं व्हायचा मोह झाला होता, पण तेही खोटंच ठरलं असतं. ३१ पैकी काही व्हिडिओ खरोखर मुलांसाठी होते. मुलांसाठीच्या व्हिडिओला "मुलांसाठी नाही" म्हटलं, तर यूट्यूब स्वतः ते उत्तर बदलू शकतं, आणि त्यांनी ठरवलेलं लेबल आपल्याला परत बदलता येत नाही. शिवाय जे संरक्षण मुलांसाठी आहे ते मुलांनाच नाकारणं मला पटत नव्हतं.

मग एकेक व्हिडिओ पाहत बसले. दोन संध्याकाळी गेल्या. कापड बेतणं, शिवणं, डोकं तयार करणं, आवाज बदलून बोलण्याचा सराव, पडद्यामागे हात कसा धरायचा, हे सगळे व्हिडिओ मोठ्यांसाठी. बाहुली दिसते म्हणून ते मुलांचे होत नाहीत. विषय, भाषा, कोणाशी बोलतोय, काय करायला सांगतोय, हे सगळं मिळून ठरवायचं असतं. चार व्हिडिओ होते कोल्हा आणि कासवाच्या गोष्टींचे प्रयोग, बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी केलेले. ते निःसंशय मुलांसाठी, त्यांचं लेबल तसंच ठेवलं. अडकले एका व्हिडिओवर. कागदी पिशवीची बाहुली. सुरुवातीलाच मी म्हणते, "चला मुलांनो, एक पिशवी घ्या." कृती इतकी सोपी की सहा वर्षांचं मूल करू शकेल. पण अहवालात दिसत होतं की तो शाळांच्या शिक्षकांनीच जास्त शोधून पाहिला आहे. पाहणारे कोण हा एक निकष आहे, पण एकमेव नाही. मी बोलत मुलांशी होते आणि करायलाही मुलांनाच सांगत होते. तो मुलांसाठी ठेवला. शिक्षकांसाठी त्याच बाहुलीचा वेगळा व्हिडिओ केला: तीस मुलांच्या वर्गात ही कृती कशी घ्यायची, पिशव्या आधी किती दुमडून ठेवायच्या, गोंद कुठे ठेवायचा. तो "मुलांसाठी नाही". एकाच बाहुलीचे दोन व्हिडिओ, दोन वेगळी लेबलं, आणि दोन्ही खरी.

उरलेले व्हिडिओ स्टुडिओच्या यादीत एकत्र निवडून, `Edit` मधून `Audience` घेऊन एकदम बदलता येतात. सगळे खरंच बदलले का, हे मात्र मी डोळ्यांनी तपासायला गेले आणि दोनदा चुकले. शेवटी प्रोग्रामिंग करणाऱ्या माझ्या भाच्यानं एका फटक्यात ते करून दिलं. यूट्यूबच्या डेटा एपीआयला, म्हणजे प्रोग्राममधून यूट्यूबला माहिती विचारायच्या सोयीला, एका वेळी ५० पर्यंत व्हिडिओंचे आयडी देता येतात:

```
GET https://www.googleapis.com/youtube/v3/videos
    ?part=status,contentDetails
    &id=VIDEO_ID_1,VIDEO_ID_2
    &key=API_KEY
```

उत्तरात प्रत्येक व्हिडिओसाठी `madeForKids` समोर `true` किंवा `false` येतं. मालकाच्या परवानगीनं विचारलं तर `selfDeclaredMadeForKids` ही दुसरी नोंदही मिळते. ती आपण काय सांगितलं ते दाखवते, आणि पहिली यूट्यूब प्रत्यक्ष काय धरतंय ते. दोन्हींत फरक दिसला तर आपलं उत्तर वरून बदललं गेलंय, असं समजायचं. माझ्याकडे फरक नव्हता. पाच `true`, बाकी `false`.

इथवर सगळं ठीक होतं. पुढची चूक मी शहाणपणाच्या भरात केली.

डोकं तयार करण्याच्या चार व्हिडिओंमध्ये मी धारदार पात्यानं फोम कापते आणि तापलेल्या तारेनं त्याला गोलाई देते. लेबलं बदलताना मनात होतं की हे मुलांनी अजिबात करू नये. "मुलांसाठी नाही" एवढं म्हणणं मला कमी वाटलं. त्याच प्रश्नाखाली `Age restriction (advanced)` अशी घडी आहे. ती उघडली की पर्याय दिसतो: `Yes, restrict my video to viewers over 18`. मी तो चारही व्हिडिओंना लावला. माझ्या डोक्यात त्या दोन प्रश्नांची एक सरळ पट्टी होती, एका टोकाला मुलं आणि दुसऱ्या टोकाला मोठे, आणि मी काटा मोठ्यांच्या टोकाला नेऊन ठेवला असं मला वाटलं.

तशी पट्टी नाहीच. "मुलांसाठी नाही" म्हणजे सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी. त्याला वयाची अट नाही, मूलही तो पाहू शकतं. १८ वर्षांची अट हे पूर्णपणे वेगळं कुलूप आहे. ते आहे नग्नता, रक्तपात, शिवराळ भाषा, मुलांनी नक्कल केली तर जिवावर बेतेल अशी कृत्यं, अशा मजकुरासाठी. मोठ्या माणसानं सावधपणे हत्यार वापरून दाखवणं एवढ्यानं ते लावायची गरज नसते.

या कुलपाचा परिणाम पहिल्यांदा कळला तो फोनवरून. शिक्षकांचं प्रशिक्षण घेणाऱ्या एका गटानं आपल्या पानावर माझे तीन भाग ओळीनं लावले होते: बेतणं, शिवणं, डोकं. गटाच्या काकूंचा फोन आला, "अगं, तिसरा भाग तू काढून टाकलास का?" त्यांच्या पानावर व्हिडिओच्या जागी काळी चौकट आणि आत ओळ: `This video is age-restricted and only available on YouTube`. वयाची अट असलेला व्हिडिओ बहुतेक बाहेरच्या पानांवर चालत नाही. तो यूट्यूबवरच उघडावा लागतो. तिथे गेल्यावर लॉगिन लागतं आणि खात्यातलं वय १८ च्या वर लागतं. प्रशिक्षणाच्या खोलीतल्या संगणकावर कुणाचंच खातं उघडलेलं नव्हतं, तर तिथे `Sign in to confirm your age`. ज्या ठिकाणी प्रौढांसाठीचा मजकूर गाळणारा `Restricted Mode` चालू ठेवतात, आणि शाळा-ग्रंथालयांत तो बऱ्याचदा असतो, तिथे तर असा व्हिडिओ दिसतच नाही. मी ज्यांच्यासाठी हे व्हिडिओ केले ते लोक नेमके अशाच ठिकाणी बसून पाहतात.

गंमत म्हणजे कमेंट चालू होत्या. मला आधी ते उलटं वाटलं: मुलांच्या निरुपद्रवी गोष्टीखाली कमेंट बंद, आणि कुलूप घातलेल्या व्हिडिओखाली उघड्या? पण विचार केल्यावर दोन्ही लेबलांचा स्वभावच कळला. मुलांसाठीचं लेबल म्हणतं, पाहणारा कोण आहे हे जाणून घ्यायचंच नाही. म्हणून त्याची ओळख लागणारी प्रत्येक गोष्ट बंद. वयाची अट म्हणते, पाहणारा कोण आहे हे कळल्याशिवाय दार उघडायचं नाही. म्हणून जो आत आला तो ओळख पटलेला प्रौढ, त्यानं खुशाल लिहावं. एकात दार सताड उघडं आणि आत आलेल्यांची तोंडं बंद. दुसऱ्यात दारावर पहारा, आणि आत मोकळी बैठक. त्यामुळे पहिल्या लेबलानं माझे प्रेक्षक मुके झाले होते, आणि दुसऱ्यानं ते येईनासे झाले.

शिफारशींतही हा फरक ठळक होता. पहिल्या वेळी व्हिडिओ भरपूर सुचवला जात होता, पण चुकीच्या शेजारी. दुसऱ्या वेळी सुचवणंच आटलं. त्या चार व्हिडिओंच्या अहवालात `Suggested videos` आणि मुख्य पानावरून येणारे प्रेक्षक यांच्या रेघा जमिनीला टेकल्या. उरले ते नाव टाकून शोधणारे आणि थेट दुवा मिळालेले. जाहिरातींचंही तसंच. वयाची अट असलेल्या व्हिडिओवर जाहिरात येऊ शकते, पण बऱ्याच जाहिरातदारांना आपलं नाव तिथे नको असतं, त्यामुळे मिळकत मर्यादित राहते किंवा शून्यावर येते. माझी जवळपास थांबली. म्हणून निदान करताना मी आता हा क्रम धरते: प्रेक्षक येतायत पण टिकत नाहीत आणि बोलत नाहीत, तर मुलांचं लेबल तपासा, टिकणारे टिकतायत पण नवे येतच नाहीत, तर वयाची अट तपासा. दोन्ही गोष्टी स्टुडिओच्या व्हिडिओंच्या यादीत `Restrictions` या रकान्यात लिहिलेल्या असतात. एपीआयच्या उत्तरात वयाच्या अटीसाठी `contentRating` खाली `ytAgeRestricted` येतं. भाच्यानं आधी ते पाहिलं नव्हतं, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं.

हे कुलूप मी स्वतः लावलेलं होतं, म्हणून स्वतःच काढता आलं. तीच अट यूट्यूबनं लावली असती तर मला ती काढता आली नसती. फक्त फेरविचाराची विनंती करता आली असती, तीही एकदाच. चारही व्हिडिओंची अट काढली आणि त्याऐवजी सुरुवातीलाच हत्यारांबद्दल बोलले: हातमोजा, खिडकी उघडी, तार थंड झाल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. मला जे सांगायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते लेबलात मावणारं नव्हतंच. काकूंच्या पानावरचा तिसरा भाग त्याच दिवशी चालू झाला.

शिफारशी मात्र त्याच दिवशी सुधारल्या नाहीत. मुलांचं लेबल काढलेल्या व्हिडिओंच्या शेजारची यादी बदलायला आठवडे लागले. आधी बडबडगीतं विरळ झाली, मग कागदकाम आलं, मग शिवणकाम, आणि सगळ्यात शेवटी शिक्षकांसाठीचे व्हिडिओ. सगळ्यात जुने दोन-तीन व्हिडिओ अजूनही उठलेले नाहीत. तेच धडे नव्यानं चित्रित करून, पहिल्या दिवसापासून योग्य उत्तर देऊन चढवले, तर ते चालतात. मोठ्यांसाठीच्या व्हिडिओंची मिळकत लेबल बदलल्यावर हळूहळू त्या मैत्रिणीच्या आकड्याजवळ गेली. गोष्टींच्या चार व्हिडिओंची होती तिथेच आहे. त्यांना कमेंट नाहीत, कार्ड नाही, एका गोष्टीतून दुसरीकडे नेणारी एंड स्क्रीन नाही. म्हणून गोष्ट संपली की कोल्हा स्वतःच सांगतो, उद्या कासवाची गोष्ट आहे, आईबाबांना तिचं नाव सांगून शोधायला लावा. मुलं नाव लक्षात ठेवतात. शोधातून येणाऱ्यांच्या यादीत ती नावं अर्धवट, चुकीच्या स्पेलिंगांसह दिसतात.

तीन भाग आता एंड स्क्रीननं एकमेकांना जोडलेत. सातव्या व्हिडिओखाली पहिली कमेंट आली ती त्याच शिक्षिकाबाईंची. त्यांनी सहाही बाहुल्यांच्या बाजूंना पट्ट्या जोडून त्या रुंद केल्या होत्या आणि पट्टी कशी जोडायची ते चार ओळींत लिहिलं होतं. त्याखाली मी माझी दुरुस्ती लिहिली आणि पिन केली: शिवल्यावर २२, कापताना २५.